मघा कोरडी गेली तेव्हा: लातूरचं सोयाबीन आणि प्रशांत महासागराचं पाणी

ही नोंद एका दुपारची आहे. २०२३ च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. लातूर जिल्ह्यातलं एक गाव, काळी जमीन आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलेलं सोयाबीन. बांधावर दोघे बसले होते. आबा अडुसष्ट वर्षांचे. बापू त्यांच्या चुलत घरातला पुतण्या, चाळिशीतला. तो कृषी पदविका करून गावातच राहिला. २०१५ साली त्याचं सगळं पीक गेलं, तेव्हापासून हवामान खात्याची पत्रकं तो नेमानं वाचतो. मी पाहुणा म्हणून गेलो होतो आणि ऐकत बसलो. दोघांचं बोलणं मला आठवतं तसं लिहिलं आहे. त्यातली सालं आणि आकडे नंतर पडताळून घेतले.

आधी त्या हंगामाची अवस्था सांगतो, म्हणजे आबांचा प्रश्न कुठून आला ते कळेल.

मृग कोरडा गेला होता. जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ आलं, मोसमी वारे कोकणात येऊन अडकले आणि राज्यभर पसरायला २५ जून उजाडला. आर्द्राच्या शेवटी पेरण्या झाल्या. मग जुलैनं मात्र भरभरून दिलं. देशाचा जुलैचा पाऊस सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त झाला आणि पुष्यात पिकं डोलायला लागली. त्यानंतर आश्लेषा लागली आणि आभाळच मिटलं. मघाही तशीच चालली होती. १९०१ पासून देशातल्या पावसाची जी नोंद आहे, तिच्यातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो हाच. देशभरात ३६ टक्क्यांची तूट होती. महाराष्ट्रात निम्मासुद्धा पडला नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलेलं सोयाबीन ऑगस्टच्या मध्याला फुलावर येतं आणि अखेरीस शेंगा धरतं. म्हणजे ज्या तीन-चार आठवड्यांत त्याला ओल लागते, नेमक्या त्याच आठवड्यांत पाऊस नव्हता. आबांच्या रानात दुपारी पानं माना टाकायची आणि पांढुरकी पाठ वर करायची. फुलं गळून सरीत पडली होती. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

आबा म्हणाले, "बापू, टीव्हीवर रोज सांगतात, एल निनो आला म्हणून पाऊस गेला. ते कुठल्या तरी समुद्राचं पाणी तापलंय म्हणे. आता मला एक सांग. पाणी तापलं की वाफ जास्त होते. चुलीवरचं भगुणं बघ की. वाफ जास्त झाली तर पाऊस जास्त पडायला पाहिजे. हे उलटं कसं?"

बापू म्हणाला, "आबा, पाऊस जास्तच पडतो. फक्त तो तिकडं पडतो. पेरू नावाचा देश आहे, त्याच्या किनाऱ्यावर वाळवंट आहे. तिथं वर्षानुवर्षं थेंब नसतो. पण एल निनो जोरात आला की तिथं पूर येतात, घरं वाहून जातात. इंडोनेशियात मात्र एरवी रोज पाऊस, आणि त्या वर्षी जंगलं पेटतात. पावसानं जागा बदललेली असते."

"पण जागा का बदलतो?"

बापू उठला आणि आम्हाला जनावरांच्या हौदाकडे घेऊन गेला. लांबट सिमेंटचा हौद, दुपारच्या उन्हात वरचं पाणी कोमट झालेलं. त्यानं आबांना कोपरापर्यंत हात घालायला सांगितलं. खाली पाणी गार होतं. मग त्यानं एक फळी घेतली आणि वरचं वितभर पाणी हळूहळू एका टोकाकडे लोटत नेलं. "आता या अलीकडच्या टोकाला हात घाला."

आबांनी हात घातला. "गार लागतंय."

"खालचं वर आलं. प्रशांत महासागर असाच आहे, पण एवढा मोठा की त्यात सगळ्या जमिनी बुडवल्या तरी जागा उरेल. विषुववृत्तावर तिथं पूर्वेकडून पश्चिमेकडं वारा वाहतो, बाराही महिने. ती फळी समजा. तापलेलं पाणी तो इंडोनेशियाच्या बाजूला लोटून ठेवतो. तिकडं समुद्राची पातळी पेरूच्या बाजूपेक्षा अर्धा मीटर उंच असते. आणि पेरूच्या किनाऱ्याला खालचं गार पाणी वर येतं. त्या गार पाण्यात खाद्य असतं, म्हणून मासळी भरपूर."

"आणि वारा थांबला तर?"

बापूनं फळी उचलली. लोटलेलं पाणी परत पसरलं. हौदात ते क्षणात झालं, महासागरात तापलेल्या पाण्याची लाट पूर्वेकडे पोचायला दोन-अडीच महिने लागतात. ती पाण्याखालून जाते. वरून जहाजातल्या माणसालाही ती दिसत नाही. पण ती पोचली की पेरूकडचं गार पाणी खाली दबतं, मधला आणि पूर्वेकडचा समुद्र तापतो, मासळी दूर जाते. तिथले कोळी हे नाताळच्या सुमारास अनुभवायचे, म्हणून त्यांनी बाळ येशूवरून त्याला एल निनो, म्हणजे 'तो बाळ', असं नाव दिलं.

इथं आबांनी विचारलेला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बऱ्याच लेखांत तो सुटून जातो. ते म्हणाले, "वारा थांबला म्हणून पाणी परतलं हे कळलं. पण वारा का थांबला?"

बापू थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तिथं दोघं एकमेकांना धरून आहेत, आबा. वारा पाण्याला पश्चिमेला लोटतो म्हणून तिकडं पाणी ऊन असतं. पाणी तिकडं ऊन असतं म्हणून तिथली हवा वर चढते. हवा वर चढली की तिची जागा भरायला पूर्वेकडून वारा धावतो. म्हणजे वाऱ्यामुळं पाणी आणि पाण्यामुळं वारा. आता समजा मध्येच कधी पश्चिमेकडून उलटा वारा आठ-पंधरा दिवस सुटला. थोडं ऊन पाणी पूर्वेला सरकलं. दोन्हीकडच्या पाण्यातला फरक कमी झाला. फरक कमी झाला म्हणून नेहमीचा वारा आणखी पडला. वारा पडला म्हणून आणखी पाणी सरकलं. असं एकाला एक लागत जातं."

वारा आणि पाण्याची ही सांगड नीट मांडली ती हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्येर्कनेस यांनी, १९६९ साली. त्याआधी दोन्ही टोकं वेगवेगळ्या लोकांच्या हातात होती. मासळीवाले पाण्याकडे बघत होते आणि हवामानवाले हवेच्या दाबाकडे. दाबाचं टोक सापडलं ते आपल्याकडे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खन उजाड झालं होतं आणि १८७७ सालचा एल निनो नोंदीतल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी होता, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. पुढे गिल्बर्ट वॉकर हे गणिती १९०४ पासून भारताच्या वेधशाळांचे प्रमुख झाले. मोसमी पावसाचा अंदाज आधी कसा सांगता येईल हे शोधताना त्यांनी जगभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर घटतो आणि तिकडे घटला की इकडे वाढतो, असा झोका त्यांना दिसला. तो का हलतो हे मात्र त्यांना सांगता आलं नाही, कारण समुद्राचं तापमान त्यांच्यासमोर नव्हतं. आपल्या पावसाच्या चिंतेतून निघालेल्या शोधाचं उत्तर शेवटी पेरूच्या पाण्यात सापडलं.

बांधावर परत आलो तेव्हा आबांच्या मनात दुसरा पेच होता.

"बरं. पावसाची जागा सरकली. पण ती सरकली समुद्राच्या एका टोकाकडून मधल्या भागाकडं. आपण कुठं, ते कुठं? इथून दहा-अकरा हजार किलोमीटर. मधे हिंदी महासागर, अख्खा इंडोनेशिया. तिथली चूल सरकल्यानं माझ्या रानात काय फरक पडतो?"

बापू म्हणाला, "तुम्हीच चूल म्हणालात, तर चुलीवरूनच बघू. जुन्या घरात चूल पेटली की धूर सरळ वर जायचा, आढ्याला लागायचा, मग आढ्याखालून पसरत लांबच्या कोपऱ्यात खाली उतरायचा. माय चुलीपाशी बसलेली असायची, आणि डोळे चुरचुरायचे कोपऱ्यातल्या माणसाचे. हवेचं तसंच. एका जागी जितकी हवा वर चढते, तितकी कुठं तरी खाली उतरावीच लागते. एरवी चूल इंडोनेशियाजवळ असते, तिथं हवा चढते. हिंदी महासागरावर आणि आपल्याकडं चढायला तिची आडकाठी नसते. एल निनोत चूल समुद्राच्या मध्यावर सरकते. मग इंडोनेशियावर हवा उतरायला लागते, आणि त्या उतरणीचा पदर आपल्यापर्यंत येतो."

"उतरली तर काय झालं?"

"उतरणारी हवा तापत आणि कोरडी होत खाली येते. ढगाला वर चढू देत नाही. दुसरं असं की विषुववृत्ताच्या आसपास वरच्या हवेतली ऊब एका जागी साठून राहत नाही, काही दिवसांत सगळीकडं पसरते. तिकडं पाऊस पडताना जी उष्णता हवेत सुटते ती आपल्या डोक्यावरही येऊन बसते, दहा-बारा किलोमीटर उंचावर. म्हणजे खालची हवा आहे तेवढीच गरम, पण वर झाकण जास्त ऊन. गरम हवा वर जाते ती तिच्यावरची हवा गार असते म्हणून. वरची ऊन झाली की ती मधेच अडते."

मग बापूनं हात वर करून आकाश दाखवलं. मला वाटतं, सगळ्या बोलण्यात हीच गोष्ट आबांना पटली.

"ढग आहेत ना?"

"आहेत की. रोज येतात आणि पळतात."

"कसे आहेत?"

आबांनी नीट पाहिलं. पांढरे, बुटके, खालून सपाट, वरूनही जणू कापलेले. पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाझप चाललेले. अंगाला घाम येत होता, हवा दमट होती.

"वाफ आहे, आबा. म्हणून तर घाम वाळत नाही. वारासुद्धा आहे. कमी आहे ते एकच, वर चढणं. जुलैत ढग दुपारी गोभीच्या गड्ड्यासारखे वर फुगत होते आणि काळे पडत होते. आता ते एका उंचीवर पोचतात आणि तिथंच पसरून विरतात. तेच झाकण."

वाफेचा पुरवठा तुटला म्हणून पाऊस गेला, अशी समजूत सर्रास आहे. ढग पाहिले की ती खोटी ठरते. मराठवाड्याच्या कोरड्या ऑगस्टमध्ये हवा क्वचितच कोरडी असते. ती अडवलेली असते.

आबांनी मात्र एवढ्यावर सोडलं नाही. "मग जुलैत काय झालं होतं? एल निनो तर जूनमध्येच आला म्हणून सांगत होते. जुलैत धो धो पडला."

याचं उत्तर बापूनं दोन भागांत दिलं. त्यातला पहिला भाग मला नवा होता. अमेरिकेच्या हवामान संस्थेनं एल निनो सुरू झाल्याचं ८ जूनला जाहीर केलं, पण ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्यानं १९ सप्टेंबरपर्यंत ते जाहीर केलं नव्हतं. (हे दुसरं अर्थात आमच्या भेटीनंतर घडलं. ऑस्ट्रेलिया अजून थांबलाय, एवढंच बापू त्या दिवशी म्हणाला होता.) कारण पाणी तापलं होतं तरी वरची हवा त्याच्याशी जुळायला उशीर झाला. आधीची सलग तीन वर्षं, २०२० ते २०२२, ला निना होती, म्हणजे पूर्वेकडचा वारा जोरात आणि पश्चिमेकडे ऊन पाण्याचा मोठा साठा. हवेची ती घडी लगेच मोडली नाही. चूल पेटली, पण धुराची वाट बदलायला वेळ लागला.

दुसरा भाग आपल्या घरचा आहे. मोसमी पाऊस सलग पडतच नाही. तो झडी आणि उघडीप अशा फेऱ्यांनी येतो. ऑगस्टमध्ये कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की मध्य आणि दक्षिण भारतात उघडीप पडते आणि डोंगरात मात्र पाऊस कोसळतो. त्याच ऑगस्टच्या मध्याला हिमाचल प्रदेशात दरडी कोसळून माणसं गेली. एका बाजूला दरडी, दुसऱ्या बाजूला भेगा, आणि कारण एकच, पट्ट्याची जागा. अशी उघडीप दर वर्षी पडते. चांगल्या वर्षी आठ-दहा दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि पट्टा पुन्हा खाली येतो. एल निनोच्या वर्षी ते क्षेत्र तयार व्हायला अवघड जातं, आणि उघडीप लांबते. म्हणून एल निनोनं ऑगस्ट बुडवला असं म्हणण्यापेक्षा, उघडीप पडलीच होती, एल निनोनं ती उठू दिली नाही, असं म्हणणं जास्त खरं आहे.

आबा म्हणाले, "बहात्तर सालीही हेच होतं काय रे?"

"होय. बहात्तरलाही मोठा एल निनो होता. देशात पाव हिस्सा पाऊस कमी पडला होता."

आबा तेव्हा सतरा वर्षांचे. दुष्काळी कामावर खडी फोडलेली, मिलो खाल्लेला, सुकडीच्या रांगेत उभे राहिलेले. त्यांचा हात नकळत गुडघ्यावर थांबला. बापूनं मग त्यांना जे सांगितलं ते ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. त्याच बहात्तर साली पेरूची मासळी कोसळली. अँकोवी नावाचा बोटभर मासा, त्याची भुकटी जगभर कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जायची. भुकटी संपली तेव्हा खाद्य बनवणारे सोयाबीनच्या पेंडीकडे वळले, भाव एवढे चढले की १९७३ मध्ये अमेरिकेनं काही काळ सोयाबीनची निर्यातच थांबवली. ज्या पाण्यानं इथली ज्वारी वाळवली, त्याच पाण्यानं तिकडच्या कोळ्यांची जाळी रिकामी ठेवली आणि सोयाबीनला जगाच्या बाजारात मोठं केलं. आबांच्या बापानं सोयाबीनचं नावही ऐकलं नव्हतं. आज आबांच्या रानात तेच उभं आहे.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मग हे किती वर्षांनी येतं? हिशेब असेल तर आपण त्या साली पेरायचंच जपून."

इथं बापूला हात टेकावे लागले. बहात्तरनंतर मोठे एल निनो आले १९८२, १९८७, १९९१, १९९७, २००२, २००९, २०१५ आणि मग २०२३ ला. मधली अंतरं मोजली तर कुठलाच पाढा बसत नाही. चार वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत काहीही, आणि लहानमोठे सगळे धरले तर दोन ते सात. बापूनं विहिरीचा दाखला दिला. पश्चिमेकडे ऊन पाणी साठत राहतं, जशी विहीर झऱ्यांनी भरते. साठा झाल्याशिवाय एल निनो येत नाही, आणि एकदा उपसा झाला की पुन्हा भरायला वेळ लागतो. एवढा भाग नेमाचा आहे. पण भरलेल्या विहिरीवर मोटर कधी चालू होईल हे त्या पश्चिमेकडच्या अवचित वाऱ्यांवर आहे, आणि ते दोन-तीन आठवड्यांपलीकडे कोणालाच सांगता येत नाहीत. २०१४ च्या सुरुवातीला ऊन पाण्याची मोठी लाट पूर्वेला निघाली होती. फार मोठा एल निनो येणार असं जगभर बोललं गेलं. पुढच्या वाऱ्यांनी साथ दिली नाही, तो विरला, आणि खरा जोर धरला तो दुसऱ्या वर्षी. मार्च-एप्रिलमध्ये दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक एरवीच सगळ्यात कमी असतो, म्हणून त्या वेळचे एल निनोचे अंदाज सर्वांत कच्चे निघतात. आपण बियाण्याची जुळवाजुळव करतो ते नेमके तेच महिने आहेत, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा मोठा घाटा आहे.

"आणि एल निनो आला की दुष्काळ नक्की?"

"नाही. तेही नाही." बापूनं सत्त्याण्णव सालचं सांगितलं. विसाव्या शतकातला बहुधा सगळ्यात मोठा एल निनो, आणि देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. उलट २००२ चा एल निनो ताकदीनं त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि पाऊस ८१ टक्के. जुलै तर जवळजवळ अर्धाच पडला होता.

या कोड्याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्हींत भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. पहिलं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले कृष्णकुमार आणि सहकारी यांनी २००६ साली मांडलं. ऊन पाणी किती तापलं यापेक्षा ते कुठे तापलं हे आपल्याला जास्त भोवतं. ते समुद्राच्या मध्यावर तापलं तर चूल आपल्याला जवळ, आणि उतरणारी हवा थेट भारतावर येते. पार पेरूच्या किनाऱ्याशी तापलं तर उतरणही पूर्वेला सरकते आणि आपण बरेचसे सुटतो. सत्त्याण्णवला तापमानाचा कळस पूर्वेकडे होता, २००२ ला मध्यावर.

दुसरं उत्तर आपल्याच समुद्रात आहे. हिंदी महासागराचीही दोन टोकं कधीकधी वेगळी तापतात. पश्चिमेला, आफ्रिकेच्या बाजूला ऊन आणि पूर्वेला, सुमात्राकडे गार, अशी स्थिती आली तर तिला धन द्विध्रुव म्हणतात. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी ती १९९९ मध्ये ओळख पटवून दाखवली. सुमात्राकडचं पाणी गार पडलं की तिथे हवा उतरते आणि आपल्याकडे चढायला मोकळीक मिळते, बाष्पही ओढलं जातं. सत्त्याण्णवला हा द्विध्रुव जोरात होता. एल निनोनं दाबलं आणि त्यानं उचललं.

बापूनं त्या दिवशी खिशातला मोबाइल काढून सांगितलं की आत्ताही हिंदी महासागराची दोन टोकं तशीच वेगळी व्हायला लागलीत. "म्हणून, आबा, मी सप्टेंबर सोडून देत नाही. पूर्वा लागायला चार दिवस आहेत."

आता प्रश्न रानाचा होता. आबांचं बोअर दिवसाला जेमतेम काही तास चालत होतं. तेवढ्या पाण्यात सगळं सोयाबीन भिजणं शक्य नव्हतं. त्यांचा बेत सगळ्यांनाच थोडं थोडं द्यायचा होता, कारण एका तुकड्याला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, हे मनाला लागतं. बापूनं नको म्हटलं. एल निनो हिवाळ्यापर्यंत टिकणार, तेव्हा भूजल भरून येईल असा पाऊस धरू नये. पण सप्टेंबरमध्ये एखादी झड येण्याची शक्यता बरी आहे. म्हणून ज्या तुकड्यात शेंगा अजून चपट्या आणि हिरव्या आहेत, तो तुषार संचावर दोन पाळ्या देऊन आठ-दहा दिवस जगवायचा. मुरमाड माळावरचं, जिथं फुलंच गळाली, ते सोडायचं. तूर आंतरपीक होतं तिथं पाणी नको. तुरीची मुळं खोल जातात, ती थांबू शकते.

दुसरं काम कागदाचं होतं. सलग २१ दिवसांहून जास्त पावसाचा खंड आणि अपेक्षित उत्पादनात निम्म्याहून जास्त घट असेल तर पीक विम्यात तेव्हा २५ टक्के आगाऊ भरपाईची तरतूद होती. विमा त्या वर्षी एक रुपयात होता आणि आबांनी काढला होता. पण पंचनामा व्हायचा तो मंडळातल्या पर्जन्यमापकाच्या नोंदीवर, आणि तो मापक आबांच्या रानापासून बऱ्याच लांब आहे. बापूनं तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवायला लावले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पूर्वा लागल्यावर, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि मराठवाड्यात पाऊस आला. देशाचा सप्टेंबर सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त गेला. त्याचं सगळं श्रेय द्विध्रुवाला देता येणार नाही, झड आणि उघडीप यांची फेरीही त्याच वेळी फिरली होती. पण वर झाकण असतानाही ते फोडता येतं, हे दिसलं. आबांचा पाणी दिलेला तुकडा भरला. माळावरच्या शेंगांत दाणे आले ते बारीक, आणि त्यावर पिवळा मोझॅक रोगही पडला. तो त्या वर्षी जिल्ह्यात बऱ्याच जणांच्या रानात होता. पोळा १४ सप्टेंबरला झाला, तेव्हा बैलांच्या पायाला चिखल होता.

हंगाम संपला तेव्हा देशाचा आकडा आला ९४ टक्के. हवामान खात्यानं एप्रिलमध्ये ९६ सांगितला होता, मागेपुढे ५ धरून. अंदाज म्हणून तो अगदी बरोबर निघाला. आबांच्या पिकाला मात्र त्या ९४ मध्ये कुठेही जागा नाही, कारण त्या एका आकड्यात जुलै आणि ऑगस्ट एकमेकांना भरून काढतात, आणि शेतात ते काढत नाहीत. ऑक्टोबरअखेर राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. जायकवाडी अर्ध्यावरही भरलं नव्हतं, आणि वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात पुन्हा ताण सुरू झाला.

रब्बीला आबांनी गहू घेतला नाही. ज्वारी आणि करडई घातली.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये खात्यानं १०६ टक्के पावसाचा अंदाज दिला, एल निनो ओसरून ला निनाकडे वाटचाल असल्याचं सांगितलं. आबांनी बापूला फोन लावला आणि पहिला प्रश्न केला, "मधल्या भागाचं पाणी उतरलं का?" बापूनं उतरतंय म्हणून सांगितलं. "मग मृगातच पेरू?" बापू म्हणाला, "७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय नाही, आबा. पाणी तिकडं उतरलं तरी आपली वीतभर ओल आपल्यालाच मोजायची आहे." आबांनी रोज लिहायच्या वहीत नक्षत्राच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखले होते. एकावर 'प्रशांत मध्य', दुसऱ्यावर 'आपला समुद्र'. महिन्यातून एकदा ते बापूकडून दोन्ही भरून घेतात.